फोटोतल्या सर्किटमधे कुठला डायोड ऑन आहे आणि करंट किती, हे कसं काढायचं

पुण्यात फर्स्ट इयर इंजिनीअरिंग आणि डिप्लोमाच्या पोरांच्या सबमिशनच्या दिवसात ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. वहीच्या पानाचा नाहीतर ब्रेडबोर्डचा तिरका फोटो, खाली एक ओळ की "यात कुठला डायोड ऑन होईल आणि करंट किती?" मग तीन जण तीन उत्तरं देतात आणि तिघांचाही दावा असतो की हे तर सोपंय. गंमत म्हणजे भांडण बहुतेक वेळा गणिताचं नसतंच, एक तर फोटो चुकीचा वाचलेला असतो नाहीतर "ज्याचा कॅथोड खाली तो ऑन" हा शॉर्टकट जिथे चालत नाही तिथे चालवलेला असतो. म्हणून इथे एकच सर्किट घेतो, दोन डायोड आणि दोन रेझिस्टरचं, आणि ते शेवटपर्यंत सोडवतो, मग त्याच आकारात ट्रान्झिस्टर बसवून बघू.

सर्किट असं आहे, वाचता वाचता कागदावर काढा. वर +१२ व्होल्ट. तिथून खाली आर१, १० किलोओमचा, तो येतो नोड ए ला. नोड ए वरून दोन वाटा निघतात. एक वाट डी१, त्याचा अ‍ॅनोड ए ला आणि कॅथोड थेट ग्राउंडला. दुसरी वाट डी२, त्याचाही अ‍ॅनोड ए लाच, पण कॅथोड जातो नोड बी ला, आणि बी वरून आर२ खाली जातो −६ व्होल्टला. आर२ फोटोत ३.३ किलोओम दिसतोय. दिसतोय असं मुद्दाम म्हणतोय, पुढे कळेल का ते.

आधी फोटो नीट वाचा

फोटोवर बोट ठेवून थेट सोडवायला जाऊ नका, पहिल्यांदा सर्किट स्वतःच्या हाताने परत काढा. सगळ्यात जास्त व्होल्टेज वर, ग्राउंड मधे, निगेटिव्ह सप्लाय सगळ्यात खाली, असं काढलं की करंट वरून खाली वाहताना दिसतो आणि निम्मा गोंधळ तिथेच संपतो. फोटोत डायोड आडवा असो की तिरका, त्याने काही फरक पडत नाही, फरक पडतो तो कुठलं टोक कुठल्या नोडला आहे याने. म्हणून प्रत्येक डायोडसाठी एकेक वाक्य लिहून टाका, "डी१ : अ‍ॅनोड ए, कॅथोड ग्राउंड", बस एवढंच. चिन्हात त्रिकोणाचं टोक ज्या रेघेला टेकतं ती रेघ म्हणजे कॅथोड. ब्रेडबोर्डचा फोटो असेल तर अंगावरचा पट्टा म्हणजे कॅथोड, 1N4148 च्या काचेच्या अंगावर तो काळा असतो, 1N4007 च्या काळ्या अंगावर चंदेरी. फोटोत पट्टाच दिसत नसेल तर अंदाज करू नका, दुसरा फोटो मागा.

दोन तारा एकमेकींना छेदतात तिथे टिंब आहे का बघा. टिंब असेल तर जोड आहे, नसेल तर एक तार दुसरीच्या वरून गेली आहे. वहीच्या फोटोत हे टिंब पेनाच्या शाईच्या डागासारखं दिसतं किंवा अजिबात दिसत नाही. आणि उणे चिन्ह! पानाची घडी नेमकी त्यावरून गेली की −६ चे +६ होतात आणि अख्खं उत्तर बदलतं. या सर्किटमधे खाली +६ असते तर बी ला खाली खेचायला काही उरलंच नसतं, ए ०.७ वर आणि आर२ चं खालचं टोक +६ वर, म्हणजे डी२ सरळ ऑफ.

आता रेझिस्टर. ३.३ किलोओमचे रंग नारिंगी, नारिंगी, लाल. ३३ किलोओमचे नारिंगी, नारिंगी, नारिंगी. होस्टेलच्या पिवळ्या बल्बखाली मोबाइलने काढलेल्या फोटोत लाल आणि नारिंगी एकमेकांचे जुळे भाऊ वाटतात, आणि या एका पट्ट्याने दहापट फरक पडतो. फोटो झूम करून त्याच रेझिस्टरवरच्या पहिल्या दोन पट्ट्यांशी तिसरा ताडून बघा, ते दोन नारिंगी आहेत हे माहीत आहे, तिसरा त्यांच्यासारखाच आहे की थोडा गडद आहे? तरीही शंका राहिली तर दोन्ही किमतींनी सोडवायचं. आपण तेच करणार आहोत.

तो शॉर्टकट, आणि तो कुठे फसतो

क्लासमधे सांगतात की दोन डायोडचे अ‍ॅनोड एकत्र असतील तर ज्याचा कॅथोड सगळ्यात खालच्या व्होल्टेजला तो ऑन होतो आणि दुसऱ्याला ऑफ करतो. हे खरं आहे, पण एका अटीवर, कॅथोड थेट ठरलेल्या व्होल्टेजला जोडलेले पाहिजेत, मधे काही नको. समजा डी२ चा कॅथोड आर२ शिवाय थेट −६ ला असता, तर ए −५.३ वर गेला असता, डी१ च्या अ‍ॅनोडला −५.३ आणि कॅथोडला ० म्हणजे तो ऑफ, विषय संपला.

आपल्या सर्किटमधे मात्र डी२ आणि −६ च्या मधे आर२ बसलाय. त्यामुळे डी२ चा कॅथोड −६ ला नाही, तो बी ला आहे, आणि बी चं व्होल्टेज किती हे आर२ मधून किती करंट जातो त्यावर ठरतं. म्हणजे जे शोधायचंय तेच आपण आधीच माहीत असल्यासारखं वापरतोय. खरा प्रश्न "कोण खाली आहे" हा नाहीच, खरा प्रश्न असा की आर१ वरून जेवढा करंट देतोय त्यापेक्षा आर२ जास्त ओढू शकतो का. ओढू शकत असेल तर सगळा करंट डी२ मधून जाईल, ए ग्राउंडच्याही खाली जाईल आणि डी१ ला काही मिळणार नाही. आर२ ची ओढ कमी पडली तर उरलेला करंट डी१ मधून ग्राउंडला जाईल.

धरा आणि तपासा

पद्धत जुनी आहे आणि सगळीकडे चालते. प्रत्येक डायोड ऑन की ऑफ हे आधी धरून चालायचं. ऑन धरला तर त्याच्या जागी ०.७ व्होल्टचा ड्रॉप लिहायचा आणि शेवटी तपासायचं की करंट अ‍ॅनोडकडून कॅथोडकडे, म्हणजे पॉझिटिव्ह येतोय ना. ऑफ धरला तर तिथे तार तोडलीये असं समजायचं आणि शेवटी तपासायचं की अ‍ॅनोड आणि कॅथोडमधला फरक ०.७ पेक्षा कमी आहे ना. तपासणीत फेल झालं तर त्या डायोडची स्थिती उलटी करून परत सोडवायचं. बरेच जण पहिला भाग करतात आणि तपासणी सोडून देतात, म्हणजे पद्धतीतली खरी ताकदच टाकून देतात.

चला, दोन्ही ऑन धरू. डी१ ऑन म्हणजे ए = ०.७ व्होल्ट. डी२ ऑन म्हणजे बी त्याच्यापेक्षा ०.७ ने खाली, बी = ०.

```
आर१ चा करंट = (१२ − ०.७) ÷ १० = १.१३ मिलीअँप
आर२ चा करंट = (० − (−६)) ÷ ३.३ = १.८२ मिलीअँप
डी१ चा करंट = १.१३ − १.८२ = −०.६९ मिलीअँप
```

व्होल्टला किलोओमने भागलं की उत्तर थेट मिलीअँपमधे येतं, शून्यं मोजत बसायची गरज नाही. आता डी१ चा करंट उणे आला, म्हणजे डायोडमधून करंट कॅथोडकडून अ‍ॅनोडकडे वाहतोय असं गणित सांगतंय, ते शक्य नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, उणे ०.६९ हे उत्तर नाही, "उलट दिशेने ०.६९ मिलीअँप वाहतो" असं लिहून मोकळे होणारे पण बघितलेत. उणे येणं म्हणजे फक्त एवढंच की आपण जे धरलं ते चूक होतं आणि त्यातून निघालेले सगळे आकडे, १.१३ आणि १.८२ सुद्धा, खोडायचे.

मग डी१ ऑफ धरा. आता सरळ एकच वाट राहिली, +१२ वरून आर१, डी२, आर२ आणि −६.

```
करंट = (१२ + ६ − ०.७) ÷ (१० + ३.३) = १७.३ ÷ १३.३ = १.३० मिलीअँप
ए = १२ − १.३० × १० = −१.० व्होल्ट
बी = −६ + १.३० × ३.३ = −१.७ व्होल्ट
```

तपासू. डी२ मधून १.३० मिलीअँप सरळ दिशेने, ठीक. ए आणि बी मधे ०.७ चा फरक, ठीक. डी१ चा अ‍ॅनोड −१.० वर आणि कॅथोड ० वर, म्हणजे रिव्हर्स, म्हणजे ऑफ, ठीक. तिन्ही गोष्टी जुळल्या, उत्तर पक्कं : डी१ ऑफ, डी२ ऑन, करंट १.३ मिलीअँप.

आता तो तिसरा पट्टा खरं तर नारिंगी असेल तर? आर२ = ३३ किलोओम. परत दोन्ही ऑन धरा, ए = ०.७, बी = ०. आर१ चा करंट तोच १.१३, पण आर२ चा आता ६ ÷ ३३ = ०.१८ मिलीअँप. डी१ ला उरतात १.१३ − ०.१८ = ०.९५ मिलीअँप, पॉझिटिव्ह. दोन्ही ऑन, पहिल्याच फटक्यात बरोबर. म्हणजे एका पट्ट्याच्या रंगाने नुसता आकडा बदलला नाही, ऑफ असलेला डायोड ऑन झाला. ग्रुपवर दोघं भांडत असतात आणि दोघांचंही गणित बरोबर असतं ते असं.

डायोड काढून बघायची युक्ती

दोन डायोड असले की चार शक्यता, तीन असले की आठ, सगळ्या करत बसलात तर पेपर संपेल. मी स्वतः आधी हे करतो, ज्या डायोडबद्दल शंका आहे तो सर्किटमधून काढून टाकला असं समजायचं आणि त्याच्या दोन टोकांमधे किती व्होल्ट येतात ते बघायचं. ०.७ पेक्षा जास्त आले तर तो परत बसवल्यावर ऑन होणारच, कमी आले तर ऑफच राहणार.

डी१ काढला तर राहते तीच सिरीज वाट जी आपण वर सोडवली, ए = −१.०, डी१ चं दुसरं टोक ० वर, म्हणून ऑफ. ३३ किलोओम घातलं तर करंट १७.३ ÷ ४३ = ०.४० मिलीअँप, ए = १२ − ४ = ८ व्होल्टच्या आसपास, ०.७ पेक्षा कितीतरी जास्त, म्हणून ऑन. ऑन ठरल्यावर मात्र ए ८ वर राहणार नाही, डायोड त्याला खेचून ०.७ वर आणणार, तेव्हा ते ८ उत्तरात लिहू नका, ते फक्त निर्णय घ्यायला होते. करंटचा हिशोब डायोड परत बसवून करायचा.

सीमेवरच्या किमती

डी१ कधी ऑन आणि कधी ऑफ याची सीमा सहज निघते. आर२ नेमका १.१३ मिलीअँप ओढत असेल तर डी१ ला शून्य उरतं, ६ ÷ १.१३ म्हणजे ५.३ किलोओम. आर२ त्यापेक्षा लहान असेल तर डी१ ऑफ, मोठा असेल तर ऑन. बाजारात मिळणारे ४.७ आणि ५.६ किलोओम या सीमेच्या दोन बाजूंना पडतात. ५.६ घातलं तर डी१ चा करंट १.१३ − १.०७ = ०.०६ मिलीअँप येतो, कागदावर ऑन आहे, पण इतक्या बारीक करंटला खऱ्या डायोडवर ०.७ पडतच नाहीत, ०.५ च्या आसपास पडतात, शिवाय रेझिस्टरचा पाच टक्के टॉलरन्स आहेच. अशा ठिकाणी "ऑन आहे, करंट ०.०६" असं छातीठोक लिहिण्यापेक्षा "जेमतेम ऑन, सीमेवर" असं लिहिलेलं बरं. परीक्षेत अर्थात ०.७ धरून जे येतं तेच लिहा, तिथे वाद घालू नका.

आणि प्रश्नात "आयडियल डायोड" लिहिलंय का ते बघायला विसरू नका, तसं असेल तर ०.७ च्या जागी सगळीकडे ० घ्यायचा. आपल्या ३.३ किलोओमच्या सर्किटला मग करंट १८ ÷ १३.३ = १.३५ मिलीअँप येतो आणि ए −१.५ वर, डी१ तरीही ऑफच. फोटोत प्रश्नाची वरची ओळ कापली गेली असेल तर उत्तराच्या सुरुवातीला आपण काय धरलंय ते लिहून टाका, "सिलिकॉन, ०.७ व्होल्ट धरले" एवढं पुरतं.

ब्रेडबोर्डवर खात्री

हे सर्किट जोडून बघायला काही फार लागत नाही, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळं एका दुकानात मिळतं, दोन 1N4148, तीन रेझिस्टर (३.३ आणि ३३ दोन्ही घ्या), एक १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर आणि चार पेन्सिल सेलचा होल्डर. निगेटिव्ह सप्लायसाठी वेगळं काही नको. अ‍ॅडाप्टरचा उणे ग्राउंडला, आणि सेलच्या होल्डरचा अधिक पण ग्राउंडला, मग होल्डरचा उणे टोक आपोआप −६ होतो. नवे सेल असतील तर सहापेक्षा थोडे जास्त दाखवतील, मीटरने मोजा आणि मोजलेला आकडाच गणितात घाला.

करंट मोजायला तार तोडून मीटर मधे घालू नका, त्यात मीटरचा फ्यूज उडवायचीच शक्यता जास्त. रेझिस्टरच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा आणि किमतीने भागा. ३.३ किलोओम असताना आर१ वर १३ व्होल्टच्या आसपास दिसतील आणि इथे पोरं हमखास दचकतात, सप्लाय १२ चा मग रेझिस्टरवर १३ कसे? कारण आर१ चं खालचं टोक ग्राउंडच्या खाली, −१ वर गेलंय. हेच डी१ ऑफ असल्याचं चिन्ह आहे. आर२ वर ४.३ च्या आसपास मिळतील. १३ ÷ १० आणि ४.३ ÷ ३.३, दोन्ही १.३, म्हणजे आर१ मधून जेवढा आला तेवढाच आर२ मधून गेला, मधे डी१ ने काही घेतलं नाही. आता आर२ काढून ३३ चा बसवा, आर१ वर ११.३ च्या जवळपास आणि आर२ वर ६ च्या जवळपास, म्हणजे १.१३ आणि ०.१८, हे जुळत नाहीत आणि जो फरक आहे तो डी१ मधून ग्राउंडला गेला. दोन रेझिस्टरचे करंट ताडून बघणं हीच डी१ ची परीक्षा, डायोडला हातसुद्धा लावायला नको.

आकडे जमले नाहीत तर आकडेच सांगतात काय बिघडलंय. ए −१.० ऐवजी −०.६ च्या आसपास अडकला असेल तर डी१ उलटा लागलाय, ए ग्राउंडच्या खाली जायला लागला की तो उलटा डायोड ग्राउंडकडून करंट देऊन त्याला तिथेच धरून ठेवतो. ०.७ धरून हिशोब केला तर आर१ मधून १.२७, आर२ मधून १.३९ आणि मधला ०.१२ मिलीअँप त्या उलट्या डायोडमधून येतो. आर२ वर शून्य व्होल्ट येत असतील तर दोन कारणं, एक तर डी२ उलटा आहे नाहीतर सेलचा अधिक टोक ग्राउंडला जोडायचा राहिलाय. बी आणि ग्राउंडमधे मोजा. −६ आले तर डी२ उलटा, कारण आर२ मधून करंटच नाही म्हणून बी थेट सेलच्या व्होल्टेजवर बसलाय. शून्याच्या थोडं वर काहीतरी आलं तर ग्राउंड जोडलेलं नाही. मोठ्या ब्रेडबोर्डवर कडेची लाल-निळी रेल मधेच तुटलेली असते हेही बघा, फोटोत ती अख्खी वाटते.

आता त्याच आकारात ट्रान्झिस्टर

समजा फोटोत हे आहे : +५ व्होल्टवरून १० किलोओम नोड ए ला, ए वरून डी१ इनपुटकडे (अ‍ॅनोड ए ला, कॅथोड इनपुटला), ए वरूनच डी२ BC547 च्या बेसकडे, एमिटर ग्राउंडला, आणि कलेक्टरपासून वर ३३० ओम आणि लाल एलईडी +५ पर्यंत. ३३० ओमचे रंग नारिंगी, नारिंगी, तपकिरी, तीच पीडा परत. हा जुन्या डायोड-ट्रान्झिस्टर लॉजिकचा सांगाडा आहे आणि आकार बघा, एक रेझिस्टर, एक नोड, दोन वाटा, आपलंच सर्किट.

ट्रान्झिस्टर बघून घाबरायचं नाही, बेसकडून एमिटरकडे बघितलं तर तो एक डायोडच आहे. म्हणजे ए वरून दुसऱ्या वाटेने ग्राउंडला जायला डी२ चे ०.७ आणि बेस-एमिटरचे ०.७ असे १.४ व्होल्ट लागतात. इनपुट ग्राउंडला असेल तर पहिल्या वाटेने फक्त ०.७ लागतात. मघाशी नाकारलेला शॉर्टकट इथे मात्र चालतो, कारण दोन्ही वाटांच्या शेवटी ठरलेलं व्होल्टेज आहे, मधे रेझिस्टर नाही. ०.७ वाली वाट जिंकते, ए ०.७ वर अडकतो, डी२ आणि बेस-एमिटर या दोघांत मिळून ०.७ च येतात, ते दोघांनाही पुरत नाहीत. ट्रान्झिस्टर ऑफ, एलईडी बंद, आणि डी१ मधून (५ − ०.७) ÷ १० = ०.४३ मिलीअँप इनपुटकडे जातो. हा करंट इनपुट जोडलेल्या स्विचला किंवा आधीच्या गेटला सोसावा लागतो, हे उत्तरात लिहायला पोरं विसरतात.

इनपुट +५ ला नेलं की डी१ चा कॅथोड वर गेला, ए १.४ वर आणि कॅथोड ५ वर, डी१ रिव्हर्स. आता सगळा करंट बेसमधे, (५ − १.४) ÷ १० = ०.३६ मिलीअँप. इनपुट पाचच हवं असं नाही, ०.७ च्या वर गेलं की पारडं फिरतं, २ व्होल्टलाही डी१ ऑफच.

कलेक्टर करंटला परत तीच रीत, आधी धरा मग तपासा. अ‍ॅक्टिव्ह धरा आणि बीटा १०० घ्या, तर कलेक्टर करंट ०.३६ × १०० = ३६ मिलीअँप. ३६ मिलीअँप ३३० ओममधून गेले तर त्यावर जवळजवळ १२ व्होल्ट पडायला हवेत, सप्लाय आहे पाचचा. अशक्य, म्हणून अ‍ॅक्टिव्ह नाही, सॅच्युरेशन. मग कलेक्टर-एमिटरमधे ०.२ आणि लाल एलईडीवर १.९ धरून,

```
कलेक्टर करंट = (५ − १.९ − ०.२) ÷ ३३० = ०.००८८ अँप = ८.८ मिलीअँप
```

तपासणी अशी की ८.८ ला ०.३६ ने भागलं तर २४ येतात, आणि BC547 चा बीटा डेटाशीटमधे कमीत कमी ११० असतो, म्हणजे बेसला गरजेपेक्षा भरपूर करंट मिळतोय, सॅच्युरेशन पक्कं. हा भागाकार बीटापेक्षा जास्त आला असता तर सॅच्युरेशन धरणं चूक ठरलं असतं आणि करंट बीटाने ठरवला असता, ३३० ओमने नाही. सॅच्युरेशनमधे बीटाने गुणायचं नाही, तो ३६ चा आकडा उत्तरात लिहिलेला मी दर सेमिस्टरला बघतो.

फोटोत ट्रान्झिस्टरची सगळ्यात मोठी अडचण पायांची. BC547 ची चपटी बाजू आपल्याकडे, पाय खाली, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. फोटो गोल बाजूने काढलाय तर क्रम उलटा. 2N3904 असेल तर चपट्या बाजूने डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर, म्हणजे एकाच्या जागी दुसरा सरळ खुपसला की एमिटर-कलेक्टर उलटे. वैताग असा की उलटा लावलेला ट्रान्झिस्टर मेलेला वाटत नाही, तो बऱ्याच कमी बीटाने थोडंफार काम करतो, एलईडी मंद पेटते आणि माणूस रेझिस्टर बदलत बसतो. म्हणून इनपुट +५ ला ठेवून ३३० ओमवरचं व्होल्टेज मोजा. २.९ च्या आसपास असेल तर करंट ८.८ आहे आणि सगळं जागेवर आहे. अर्धा-एक व्होल्टच असेल तर आधी बेस आणि ग्राउंडमधे मोजा, तिथे ०.७ मिळाले म्हणजे बेसची वाट चालू आहे आणि संशय पायांवर, ट्रान्झिस्टर उपटून फिरवून लावा आणि परत मोजा.